सव्वा लाखाचा कोर्स आणि लॅबमध्ये मिळतं काय?

प्रश्न : मी सांगलीचा, यंदा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झालो. पुण्यातली एक संस्था 'एसओसी अॅनालिस्ट', म्हणजे कंपनीवरच्या सायबर हल्ल्यांवर पाळत ठेवणाऱ्याचा, कोर्स 1,20,000 रुपयांना देते, 12 हप्ते, बिनव्याजी. त्यात सीएसए परीक्षा आणि 'प्लेसमेंट असिस्टन्स' आहे. बाबांची दीड लाखाची एफडी आहे. ती मोडू, की हप्ते घेऊ?

उत्तर : सध्या दोन्ही नको. आधी हप्त्यांचं बघू. अशा योजनेत बहुतेक वेळा एक फायनान्स कंपनी संस्थेला पूर्ण फी आधीच देऊन टाकते आणि कर्ज तुमच्या किंवा बाबांच्या नावावर चढतं. दुसऱ्या महिन्यात शिकवणं पटलं नाही आणि तुम्ही सोडून दिलंत, तरी हप्ता थांबत नाही. चुकला तर क्रेडिट स्कोअर तुमचाच बिघडतो. आकड्यात जीएसटी धरलाय का, हेही विचारा. नसेल तर 18 टक्क्यांनी 21,600 रुपये वाढतात. आणि 'असिस्टन्स' म्हणजे हमी नव्हे, करारात तो शब्द कसा लिहिलाय ते नीट वाचा.

आता त्या पैशात काय मिळतं ते पाहू. सीएसए म्हणजे 'सर्टिफाइड एसओसी अॅनालिस्ट', ही ईसी-काउन्सिलची परीक्षा: तीन तास, 100 बहुपर्यायी प्रश्न. ती पास झालात म्हणजे संकल्पना माहीत आहेत, इतकंच सिद्ध होतं. मॉनिटरिंगच्या नोकरीत मात्र समोर अलर्ट येतो आणि तो खरा की खोटा, वर पाठवायचा की बंद करायचा, हे लॉग, म्हणजे यंत्रांवरच्या नोंदी, पाहून ठरवावं लागतं. तेव्हा लॅबमध्ये नेमकं हेच करून घेतात का, यावर फीची किंमत ठरते.

चांगली लॅब कशी असते, हे फुकटात बघता येतं. लॉग शोधायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्प्लंक कंपनीने 'बॉस ऑफ द एसओसी' या आपल्या स्पर्धेचा पहिला डेटासंच सगळ्यांसाठी खुला केलाय. एका काल्पनिक कंपनीची जूमलावर चालणारी वेबसाइट हल्लेखोरांनी विद्रूप केली, त्या वेळचे लॉग त्यात आहेत. स्प्लंक लॅपटॉपवर टाका, डेटा भरा, तारखेची मर्यादा 'All time' ठेवा आणि लॉगिनचे प्रयत्न शोधा:

```
index=botsv1 sourcetype=stream:http http_method=POST
dest_ip=192.168.250.70 form_data=*username*passwd*
| stats count by src_ip
```

दोन पत्ते दिसतात. 23.22.63.114 वरून 412 प्रयत्न आणि 40.80.148.42 वरून फक्त एक. नवखा माणूस 412 पाहून 'ब्रूट फोर्स' लिहितो आणि तिथेच थांबतो. खरी गोष्ट त्या एकात आहे. पहिल्या पत्त्यावरून यंत्राने पासवर्ड चाचपले, त्यातला batman लागू पडला आणि मग दुसऱ्या पत्त्यावरून माणूस तोच पासवर्ड टाकून आत शिरला. म्हणजे हा नुसता प्रयत्न नाही, घुसखोरी आहे, आणि तिकीट, म्हणजे घटनेची नोंद, तातडीने वरिष्ठांकडे जायला हवं. संस्थेला थेट विचारा, 'असा डेटा देता का, आणि मी लिहिलेलं तिकीट कोण तपासतं?' एक तास डेमो लॅबमध्ये बसू द्या म्हणावं. पाठोपाठ क्लिक करत जायचं आणि उत्तर शेजारीच लिहिलेलं, अशी लॅब असेल तर तिच्यासाठी सव्वा लाख मोजू नका.

तुमच्यासाठी माझा क्रम असा. पहिले दोन-तीन महिने घरीच स्प्लंक आणि नेटवर्कवरची वाहतूक तपासणारं वायरशार्क, आणि सोडवलेल्या प्रत्येक प्रकरणाचा एक पानी अहवाल. आयएससी स्क्वेअर्डचं 'सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी' मोफत योजनेत मिळत असेल तर जरूर करा, मात्र पास झाल्यावर वर्षाला 50 डॉलर भरावे लागतात आणि त्यात लॅब नाही. बायोडेटा चाळणाऱ्यासाठी ते पुरेसं आहे.

अहवाल लिहिताना गोडी लागली, तरच पुढचा खर्च करा. सिक्युरिटी ब्ल्यू टीम या संस्थेच्या बीटीएल1, म्हणजे 'ब्ल्यू टीम लेव्हल 1', ची परीक्षा 24 तासांची आणि प्रत्यक्ष काम करून घेणारी आहे. फिशिंग मेल, डिस्कवरचे पुरावे, स्प्लंकमधला शोध, सगळं हाताने करावं लागतं. फी सुमारे 400 पौंड, म्हणजे साधारण 40 ते 50 हजार रुपये. कार्डाने भरताना बँक परकीय चलनाचे साधारण 2 ते 3.5 टक्के वेगळे लावते. लॅबची मुदत खरेदीनंतर ठरावीक महिनेच असते, म्हणून हाताशी मोकळा वेळ असेल तेव्हाच घ्या. भारतातल्या एचआरला हे नाव सीएसएइतकं ओळखीचं नसतं, ही त्याची खरी उणीव. ती मुलाखतीत तुमचे अहवाल भरून काढतील.

एफडीचं म्हणाल, तर बँक अंशतः मोडू देते का विचारा. 50 हजारांपुरतीच मोडा. ही नोकरी पाळ्यांची, रात्रपाळीसकट. पुण्यात ऑफिसजवळ खोली घेताना डिपॉझिट, पहिलं भाडं आणि पगार होईपर्यंतचं जेवणखाण यासाठी उरलेले एक लाख बाबांच्या नावावर तसेच राहू द्या.