रिडेव्हलपमेंटबद्दल सोसायटीच्या कमिटीला पत्र लिहिताय? आधी हे वाचा

दादा, तुमचा ड्राफ्ट वाचला, "पारदर्शकता ठेवावी" एवढंच लिहिलंत तर उत्तर येईल "ठेवतोय की". थेट कागद मागा. किती टेंडर आले, पीएमसीने, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटने, केलेला तुलनात्मक तक्ता कुठंय, आणि ज्यांना बाद केलं त्यांना का केलं. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या जीआरप्रमाणे डेव्हलपर कमिटी निवडत नाही, रजिस्ट्रारचा अधिकारी हजर असलेल्या सभेत मेंबर निवडतात, त्यामुळे त्या सभेआधी तक्ता प्रत्येकाला मिळायला हवा हे ठामपणे लिहा.

कॉर्पसवर, म्हणजे नव्या घराशिवाय डेव्हलपर वर जे पैसे देतो त्यावर, मात्र जास्त वेळ द्या, लोक फक्त आकडा बघतात आणि तिथंच फसतात. आमच्याकडे ४५० फूट कार्पेटला २००० रुपये फुटाने ९ लाख सांगितले, सगळे खूश, पण अ‍ॅग्रीमेंटच्या ड्राफ्टमध्ये निम्मे पैसे घर रिकामं करताना आणि निम्मे पझेशनला होते, म्हणजे काम रखडलं तर साडेचार लाख लटकले. आम्ही भांडून दुसरा हप्ता स्लॅबच्या टप्प्याला आणला. म्हणून विचारा: रक्कम कार्पेटवर की फ्लॅटमागे सारखी, कुठलं कार्पेट धरलं, मेंबरला मिळणार की सोसायटीच्या खात्यात जाणार, हप्ते कधी, उशीर झाला तर व्याज किती. आणि भाडं नि शिफ्टिंगचा खर्च कॉर्पसमध्येच धरलाय का तेही, हे फार वेळा होतं.

पत्राच्या दोन प्रती काढा, एकीवर सोसायटीचा शिक्का, सही, तारीख घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून सोडू नका.