कर्ज ॲपचं अठरा पानी प्रायव्हसी धोरण बचत गटाला एका पानात कसं सांगावं?

प्रश्न: आमचा कोरेगाव तालुक्यात (जि. सातारा) महिला बचत गट आहे. गटातल्या चौघी-पाचजणींनी मोबाईल ॲपवरून कर्ज घेतलंय, अजून काहीजणी घेणार म्हणतायत. ॲपचं प्रायव्हसी धोरण इंग्रजीत आहे, प्रिंट काढली तर १८ पानं. हिशेब मी लिहिते म्हणून सगळ्या मलाच म्हणतात, यात काय आहे ते सांग. काय माहिती घेतात, कुणाला देतात आणि नको असेल तर बंद कसं करायचं, एवढं एका पानात मराठीत लिहायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

पहिल्या पानापासून वाचत, एकेक परिच्छेद छोटा करत गेलात तर अठराची सहा पानं होतील आणि बायांच्या हाती काहीच लागणार नाही. असं धोरण लिहिण्याची एक रीत असते. कोणती माहिती घेतो हे एका कलमात, कशासाठी हे दुसऱ्यात, कुणाला देतो हे तिसऱ्यात आणि किती दिवस ठेवतो हे कुठेतरी शेवटी. तिन्ही-चारही कलमं खरी असतात, पण आपल्या बँकेच्या मेसेजचं नेमकं काय होतं, हे त्यातल्या एकाही ठिकाणी सलग सापडत नाही. तुमचं काम हे तुकडे जोडायचं आहे. म्हणून सारांश कलमांच्या क्रमाने लिहू नका, माहितीच्या क्रमाने लिहा. फोनमधली नावं, एसएमएस, लोकेशन, आधार-पॅन, असा एकेक प्रकार घ्या आणि त्याच्यापुढे चार गोष्टी लिहा: कशासाठी, कुणाकडे जाते, किती दिवस राहते, थांबवता येते का. प्रत्येक ओळीच्या शेवटी कलम क्रमांक टाका. उद्या कुणी विचारलं की हे कुठे लिहिलंय, तर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

त्याआधी एक तपासणी. तुमच्या हातात धोरण कुणाचं आहे? कर्ज ॲपच्या मागे बहुतेक वेळा दोन कंपन्या असतात. एक ॲप चालवणारी, दुसरी प्रत्यक्ष पैसे देणारी बँक किंवा वित्तीय कंपनी. दोघींची धोरणं वेगळी असतात आणि ॲपमध्ये दिसतं ते बहुधा पहिलीचं. पैसे देणारीचं नाव कर्जाच्या मुख्य माहितीपत्रकात, म्हणजे `KFS` मध्ये असतं. तक्रार अधिकाऱ्याचा फोनही तिथेच मिळतो. हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे ते मराठीत मागायला संकोच करू नका. मग त्या कंपनीच्या वेबसाइटवरून तिचंही धोरण उतरवून घ्या. माहिती दोघींकडे असेल तर बंद करण्याचं पत्रही दोघींना जायला हवं.

आता वाचन. धोरण संगणकावर उघडा, `Ctrl+F` दाबा आणि हे शब्द एकेक करून शोधा:

```
collect
access
share
disclose
affiliate
third part
retain
withdraw
delete
grievance
```

`third part` मुद्दाम अर्धा ठेवलाय, म्हणजे एकवचन-अनेकवचन दोन्ही सापडतं. कधी कधी मध्ये जोडरेघ असते, तेव्हा `third-part` असंही शोधून बघा. `share` नुसतं 'शेअरिंग'च्या कलमात शोधून थांबू नका. जाहिराती आणि वापर मोजणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचा उल्लेख बहुधा कुकीजच्या कलमात लपलेला असतो.

शब्द सापडला की क्रियापद नीट बघा. सारांशात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "आम्ही देऊ शकतो" याचं "आम्ही देतो" करायचं नाही आणि ते गाळायचंही नाही. "देण्याची मुभा ठेवली आहे" असं लिहा. "माहिती विकत नाही" हे वाक्य दिसलं की जीव भांड्यात पडतो, पण न विकता देता येतेच, म्हणून पुढचं वाक्य वाचल्याशिवाय ते पानावर घेऊ नका. "इत्यादी", "यांसह पण इतकेच नव्हे" असे शब्द आले की यादी उघडी सोडलीय असं समजा आणि त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाका. `affiliate` ची व्याख्या शोधून बघा. समूहातल्या सगळ्या कंपन्या असा अर्थ असेल, तर 'बाहेर देत नाही' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

तीन प्रकार करून दाखवतो. अशा धोरणांत नेहमी दिसणारीच वाक्यं धरली आहेत.

फोनमधली नावं-नंबर. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम २०२२ मध्ये आले आणि २०२५ मध्ये नव्याने एकत्र केले गेले. त्यानुसार कर्ज ॲपने फोनमधल्या फाइली, फोटो, संपर्क यादी आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन एकदाच, केवायसीपुरतं, तेही स्पष्ट संमती घेऊन. गूगल प्ले स्टोअरही वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क यादी आणि फोटोंची परवानगी घेऊ देत नाही. तेव्हा धोरणात "संपर्क यादी वाचतो" असं सापडलं, तर बंद कसं करायचं हा प्रश्नच मागे पडतो. ती लाल शाईची ओळ. नवीन कर्ज घेणारीला आधीच सांगा आणि ते ॲप रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरच्या डिजिटल कर्ज ॲपच्या यादीत आहे का ते बघा. मात्र "दोन ओळखीच्यांचे नंबर द्या" ही वेगळी गोष्ट. ते आपण हाताने टाइप करून देतो. पण गटात बाया एकमेकींचेच नंबर देतात, म्हणून ज्यांनी कर्ज घेतलेलं नाही त्यांचा नंबरही कंपनीकडे गेलेला असू शकतो, ही ओळ पानावर हवीच.

एसएमएस. खरी गोम इथे आहे. वर सांगितलेल्या नियमात संपर्क, फाइली, कॉल यांची नावं आहेत, एसएमएस हा शब्द तिथे नाही. म्हणून काही ॲप ही परवानगी मागतात. धोरणात लिहितात, "फक्त आर्थिक व्यवहाराचे मेसेज वाचतो." पण अँड्रॉइडमध्ये 'फक्त बँकेचे मेसेज' अशी परवानगीच नसते. `SMS` चालू केलं की सगळे मेसेज उघडे, त्यातले कोणते घ्यायचे हे कंपनी ठरवते. ऊसबिल जमा झालं, डेअरीचं बिल आलं, दुसऱ्या कर्जाचा हप्ता थकला, सगळं त्यातून कळतं आणि त्यावरून कर्जाची मर्यादा ठरवतात. तुमच्या पानावरची ओळ साधारण अशी होईल:

"एसएमएस: बँकेचे मेसेज वाचून कर्ज ठरवतात (कलम ३.२). कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि 'विश्लेषण करणाऱ्या भागीदारांना' देण्याची मुभा, भागीदारांची नावं दिलेली नाहीत (कलम ५.१). मुदत: 'आवश्यक असेल तोवर' (कलम ८). पुढचं वाचन फोनमधून थांबवता येतं. आधी नेलेलं पुसायला पत्र लागतं."

"नावं दिलेली नाहीत" हे मुद्दाम लिहायचं. बाहेरच्या ज्या कंपन्यांना माहिती घेऊ दिली जाते त्यांचा तपशील धोरणात असला पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो. तो नसणं हीसुद्धा माहितीच आहे आणि तक्रारीत कामाला येते.

आधार, पॅन, हप्त्यांचा इतिहास. इथे खोटी आशा दाखवू नका. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना हप्त्यांची माहिती देणं कर्ज देणाऱ्यावर २००५ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि केवायसीची कागदपत्रं व्यवहार संपल्यावरही पाच वर्षं ठेवावी लागतात. "माझी सगळी माहिती पुसा" असं लिहिलं की कंपनी याच कारणाने सगळा अर्ज फेटाळते. म्हणून पत्रात हे मागायचंच नाही.

यावरून पानाच्या खालच्या भागात तीन कप्पे पडतात. फोनवरच बंद होतं ते, पत्र लिहून बंद होतं ते आणि बंद होतच नाही ते.

फोनवर `Settings > Apps` मध्ये ते ॲप निवडा, `Permissions` उघडा आणि `SMS`, `Location`, `Contacts`, `Camera` एकेक करून `Don't allow` करा. मराठीत फोन वापरणाऱ्यांना हीच नावं मराठीत दिसतील. हप्ता बँकेतून आपोआप कापला जात असेल तर यामुळे तो अडत नाही, कारण तो आदेश बँकेकडे असतो. जाहिरातींसाठी `Settings > Google > Ads` मध्ये `Delete advertising ID` आहे, काही फोनमध्ये ते `Privacy` खाली सापडतं. नुसतं ॲप काढून टाकलं तर पुढची माहिती थांबते, कंपनीकडे गेलेली तशीच राहते. बऱ्याच जणांचा घोळ इथे होतो.

पत्रासाठी `grievance` शोधून सापडलेला ईमेल घ्या. मजकूर एवढाच पुरे:

"कर्ज खाते क्र. ___, नोंदणीकृत मोबाईल ___. एसएमएस, लोकेशन आणि जाहिरातीसाठी दिलेली संमती मी आजपासून मागे घेत आहे (कलम __). कायद्याने ठेवावी लागणारी केवायसी व पतमाहिती वगळून बाकी माहिती पुसून तसे कळवावे. आतापर्यंत ती कोणाकोणाला दिली त्यांची नावे द्यावीत."

संमती नाकारण्याची, मागे घेण्याची आणि माहिती पुसायला लावण्याची सोय ॲपने द्यायची आहे, तेव्हा पत्रात विनंतीची भाषा नको. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर `cms.rbi.org.in` वर लोकपालांकडे तक्रार करता येते. पाठवलेल्या मेलची तारीख म्हणूनच जपून ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना मराठीतून मिळण्याचा पर्याय आहे, पण ते कलम २०२७ च्या मे महिन्यापासून लागू होणार आहे. आत्ताच्या पत्रात त्याचा आधार घेऊ नका.

पान छापण्याआधी एक पडताळा करा. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या `About this app` मध्ये अगदी खाली `App permissions` आहे. ती यादी आणि तुमचं पान शेजारी ठेवा. परवानगी यादीत आहे पण धोरणात तिचा उल्लेखच नाही, असं निघालं तर एकतर तुमच्या नजरेतून कलम सुटलंय किंवा कंपनीने ते लिहिलेलंच नाही. तिथलाच `Data safety` हा भाग कंपनीने स्वतः भरलेला असतो, त्याला पुरावा मानू नका.

पानाच्या डोक्यावर धोरणाची `Last updated` तारीख लिहा आणि त्या दिवसाची पीडीएफ जपून ठेवा. तारीख बदललेली दिसली की वरचे दहा शब्द पुन्हा शोधायचे, बाकीची पानं वाचायची गरज नाही.