सरासरी पाचने वाढली, पास झालेले मात्र तेवढेच

"पहिल्या सत्रात माझ्या नववीच्या वर्गाची गणिताची सरासरी ५२ होती, दुसऱ्या सत्रात ५७ आली. मुख्याध्यापक खूश आहेत, पालकसभेत आवर्जून सांगा म्हणतात. पण पेपर तपासताना मला कुणीच एवढं सुधारलेलं दिसलं नाही. माझी नजर चुकतेय की आकडा? आणि पालकांना काय सांगू?"
— वर्गशिक्षिका, ठाणे

मॅडमची नजर बरोबर होती. बेरीज-भागाकारही बरोबर होता. फक्त दोन्ही सरासऱ्या वेगवेगळ्या मुलांच्या होत्या. (मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून इथले तपशील आणि गुण बदलले आहेत, हिशोबाची रीत तीच आहे.)

पहिल्या सत्राला ४० मुलं बसली होती. त्यांचे एकूण गुण २०८०, म्हणून सरासरी ५२. दुसऱ्या सत्राला ३४ बसली, एकूण गुण १९३८, म्हणून सरासरी ५७. मधल्या काळात सहा मुलं कमी झाली. तिघांनी शाळा सोडल्याचा दाखला नेला होता. त्यातल्या एकाची चाळ पुनर्विकासाला गेली आणि घरचे दिव्याला राहायला गेले, एक मुलगी आजीकडे गावी गेली, एक मुलगा काकांच्या दुकानात कामाला लागला. उरलेले तिघे पटावर होते, पण गणिताच्या पेपराला आले नाहीत.

या सहा जणांचे पहिल्या सत्राचे गुण शोधले. दाखला नेलेल्यांचे १८, २४ आणि २८. गैरहजर राहिलेल्यांचे २२, २६ आणि ३२. बेरीज १५०. म्हणजे या सहा जणांची सरासरी २५ होती, वर्गाच्या निम्म्याहूनही कमी. आता २०८० मधून १५० वजा केले, तर उरलेल्या ३४ मुलांचे पहिल्या सत्रातले गुण १९३० आणि त्यांची सरासरी ५६.८ येते. हीच ३४ मुलं दुसऱ्या सत्रात ५७ वर आहेत. सगळ्यांची मिळून आठ गुणांची वाढ झाली, मुलामागे पाव गुणही नाही.

पाच गुणांच्या वाढीतला पावणेपाच गुणांचा वाटा कुणी काही नवं शिकल्यामुळे आलेला नाही. हा आकडा समोर आल्यावर मॅडम काही वेळ गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, "मग उत्तीर्णांची टक्केवारी सांगू का? ती तर साडेबहात्तरवरून पंच्याऐंशीवर गेलीय."

तीही मोजली. पहिल्या सत्रात ३५ किंवा जास्त गुण मिळवणारी मुलं ४० पैकी २९ होती. दुसऱ्या सत्रात ३४ पैकी २९. उत्तीर्ण झालेलं एकही मूल वाढलं नव्हतं, टक्केवारी मात्र पावणेतेरा अंकांनी वर गेली होती. भागाकारात वरचा आकडा जागचा हलला नाही, खालचा लहान झाला. टक्केवारी सांगताना "इतक्यांपैकी इतके" असं दोन्ही आकड्यांत सांगावं, असा आग्रह आम्ही धरतो तो यामुळेच. "४० पैकी २९, आता ३४ पैकी २९" हे वाक्य ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

काही शिक्षक यावर उपाय म्हणून रांगेतल्या मधल्या मुलाचे गुण, म्हणजे मध्यक, सांगतात. इथे त्यानेही सुटका होत नाही. तळातली सहा मुलं निघाली की मधली जागा तीन क्रमांक वर सरकते. वर्गात कुणीच सुधारलं नसलं तरी मध्यक वाढलेला दिसू शकतो. तुकड्या बदलतानाही हा प्रकार घडतो. 'अ' तुकडीची सरासरी ६० आणि 'ब'ची ३० असेल, आणि 'अ'मधला ४० गुणांचा मुलगा 'ब'मध्ये घातला, तर दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते. त्या मुलाचे गुण मात्र तेवढेच असतात.

दुसरं टोक म्हणजे गैरहजर मुलांना शून्य धरणं. मुख्याध्यापकांनी हा पर्याय सुचवला होता, "म्हणजे कुणी फसवलं असं म्हणणार नाही." पण न दिलेल्या पेपराचा शून्य हा काही मुलाच्या गणिताचा मोजलेला आकडा नाही. तिघांना शून्य धरलं तर ३७ मुलांची सरासरी ५२.४ येते आणि हजर मुलांनी केलेलं कामही पडल्यासारखं दिसतं. पेपराला बसून शून्य मिळवणारा मुलगा हिशोबात यायलाच हवा. न बसलेल्याची जागा रिकामी राहायला हवी, आणि ती रिकामी आहे हे वाचणाऱ्याला दिसायला हवं.

योग्य तुलना एकच: दोन्ही परीक्षांना बसलेली तीच मुलं, तेव्हा आणि आता. मॅडमचा गुणतक्ता संगणकावर होता आणि गैरहजर मुलांपुढे 'गै' लिहिलेलं होतं. तिथेच गोम होती. सरासरीचं नेहमीचं सूत्र अक्षरं आणि रिकाम्या चौकटी मुकाट्याने वगळतं आणि किती वगळल्या ते सांगत नाही. C स्तंभात पहिलं सत्र आणि D स्तंभात दुसरं सत्र असेल, तर ही तीन सूत्रं पुरतात:

```
=AVERAGEIFS(C2:C41,D2:D41,">=0")
=AVERAGEIFS(D2:D41,C2:C41,">=0")
=COUNTIFS(C2:C41,">=0",D2:D41,">=0")
```

पहिलं सूत्र दोन्हीकडे बसलेल्या मुलांची आधीची सरासरी देतं, दुसरं त्याच मुलांची आताची, तिसरं अशी मुलं किती ते सांगतं. मध्येच प्रवेश घेतलेलं मूलही यातून आपोआप बाहेर राहतं, कारण त्याचे पहिल्या सत्राचे गुण नसतात. ते मूल हुशार असेल तर साधी सरासरी तेवढ्यानेही वाढते.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. दोन सत्रांचे तक्ते जुळवताना हजेरी क्रमांक वापरू नये. दाखले गेल्यावर किंवा नवीन मूल आल्यावर बऱ्याच शाळांत हजेरी क्रमांक नव्याने पडतात आणि १७ क्रमांकाच्या मुलाचे गुण १६ क्रमांकापुढे येतात. जनरल रजिस्टरचा क्रमांक बदलत नाही, त्यावरून जुळवावं. चूक झाली असेल तर ती अशी लक्षात येते: एखाद्या मुलाचे गुण एकदम तीस-चाळीसने वर किंवा खाली गेलेले दिसतात आणि तसे अनेक जण एकापाठोपाठ असतात.

त्याच ३४ मुलांत आणखी एक गोष्ट सापडली, आणि पालकसभेपेक्षा ती जास्त मोलाची होती. पहिल्या सत्रात पस्तिशीच्या खाली असलेली पाच मुलं अजून वर्गात होती. त्यांचे गुण २९ वरून २४, ३१ वरून २७, ३३ वरून ३०, ३४ वरून २८ आणि ३० वरून ३३ झाले. पाचांतले चार घसरले, एकच पुढे गेला. पाच जणांचे मिळून १५ गुण कमी झाले, बाकीच्या २९ मुलांचे मिळून २३ वाढले, आणि वजाबाकी होऊन आठ उरले. 'सरासरी ५७' या कौतुकाखाली ही पाच मुलं झाकली गेली होती. त्यांच्यासाठी जादा तास हवेत असं म्हणायला मॅडमच्या हातात आता आकडे होते.

समुपदेशक म्हणून आमचं लक्ष गैरहजर राहिलेल्या तिघांवरही होतं. एकाला कावीळ झाली होती. एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी थांबली होती. तिसऱ्याची पोटदुखी गणिताच्या पेपराच्या सकाळीच उठायची. दोन-तीन भेटींनंतर तो म्हणाला, "वर्गाची सरासरी खाली आणायची नाही, असं सांगितलं होतं. मी आलो असतो तर आली असती." ते वाक्य वर्गात हुरूप यावा म्हणून सगळ्यांना उद्देशून बोललं गेलं होतं. त्याने ते स्वतःपुरतं ऐकलं. सरासरी हीच वर्गाची इभ्रत झाली की तळातल्या मुलाला आपली गैरहजेरी हा वर्गावर उपकार वाटू लागतो. म्हणून परीक्षेच्या आधी वर्गात सरासरीचं लक्ष्य सांगू नये, असं आम्ही स्पष्टच सांगतो. सांगायचंच असेल तर "४० पैकी ४० जणांनी पेपर द्यायचा" हे लक्ष्य द्यावं.

मोठ्या पातळीवरही ही अडचण ओळखली गेली आहे. अमेरिकेत २००२ साली सही झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने शाळांना किमान ९५ टक्के विद्यार्थी परीक्षेला बसवणं बंधनकारक केलं होतं, आणि ही अट विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या गटांनाही स्वतंत्रपणे लागू होती. कच्ची मुलं परीक्षेच्या दिवशी घरी राहिली तर निकाल फुगतो, हे त्यामागचं एक कारण होतं. एका वर्गासाठी कायदा लागत नाही. सरासरीच्या शेजारी "पटावर किती, बसले किती" हे दोन आकडे छापले की काम होतं.

मॅडमनी पालकसभेसाठी शेवटी असं लिहिलं: "पहिल्या सत्रात पटावर ४० मुलं होती आणि ४० बसली. दुसऱ्या सत्रात पटावर ३७ होती आणि ३४ बसली. दोन्ही परीक्षा दिलेल्या ३४ मुलांची सरासरी ५६.८ होती, आता ५७ आहे, म्हणजे जवळपास तेवढीच. ३५ किंवा जास्त गुण मिळवणारी मुलं तेव्हा २९ होती, आताही २९ आहेत. पस्तिशीच्या आतल्या मुलांसाठी आठवड्यातून दोन जादा तास सुरू करत आहोत." पाव गुणाला त्यांनी वाढ म्हटलं नाही, ते योग्यच. दोन सत्रांचे पेपर वेगळे असतात, धडे वेगळे असतात. जरा सोपा पेपर आला तरी त्याहून जास्त फरक पडतो.

५२ आणि ५७ हे आकडे मुख्याध्यापकांच्या अहवालात राहिले, पण त्याच ओळीत मुलांची संख्याही आली. सभेत मात्र ते सांगितले नाहीत, आणि गैरहजेरीची कारणंही सांगितली नाहीत. चाळीस पालकांच्या वर्गात कोण आलं नव्हतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातून एकच मूल कमी झालं असेल तर धोका आणखी वाढतो: संपूर्ण वर्गाची जुनी सरासरी आणि उरलेल्यांची जुनी सरासरी शेजारी ठेवली, की कुणीही वजाबाकी करून त्या एका मुलाचे गुण काढू शकतो. गेलेली मुलं एक-दोनच असतील, तर सभेत फक्त जुळवलेल्या मुलांचे आकडे द्यावेत.

गैरहजर तिघांपैकी दोघांनी पुनर्परीक्षा दिली. २२ वाल्याला २० मिळाले, २६ वाल्याला ३१. ते गुण ३४ मुलांच्या सरासरीत मिसळले नाहीत, कारण पेपर वेगळा होता; त्यांची नोंद तारखेसह वेगळ्या ओळीत केली.