अल्बम परत देताना

प्रिय मुली,

परवा तू मैत्रिणीच्या लग्नाचा अल्बम दाखवायला आणलास आणि सोबत ठेवायची चिठ्ठीही वाचून दाखवलीस. ‘सगळेच फोटो अप्रतिम! दोघं किती गोड दिसताय! नांदा सौख्यभरे!’ तुझी माया त्यात आहे, हे मला कळतं. पण हीच चिठ्ठी नौपाड्यातल्या कुठल्याही लग्नाच्या अल्बमात ठेवली तरी चालेल. ठाण्यातल्या हॉलांमध्ये इतकी वर्षं लग्नं टिपली, अल्बम लावले, म्हणून थोडं लिहितो.

आमच्या वेळी एका रोलमध्ये ३६ फोटो निघायचे, त्यामुळे अल्बमात जवळजवळ सगळेच लागायचे. आता एका लग्नात हजारो फोटो निघतात आणि त्यातून शे-दीडशे छापले जातात. म्हणजे तुझ्या हातातला प्रत्येक फोटो तिने बाकीचे बाजूला सारून ठेवला आहे. म्हणून अल्बम दुसऱ्यांदा चाळताना जरा फसलेला फोटो शोध. हललेला, कडेला कुणाचा खांदा आलेला, डोळे मिटलेला. चांगले फोटो हाताशी असताना तो राहिला, तर त्यात तिचं काहीतरी अडकलेलं असतं.

तिच्या अल्बमात तो अकराव्या पानावर आहे. अंतरपाट नुकताच बाजूला झालाय. फोटोग्राफरने फ्लॅश मारलेला नाही. फ्लॅश असता तर अक्षतांचा दाणा न् दाणा हवेत थांबलेला दिसला असता. इथे त्यांच्या पांढऱ्या रेघा झाल्यात आणि नवऱ्याचा हार धूसर आलाय. स्थिर आहे ती फक्त कोपऱ्यातली आजी, कारण ती हललेलीच नाही. तिची मूठ अजून मिटलेली आहे. हे मी दाखवलं तेव्हा तू पटकन म्हणालीस, “काका, मी तिच्या मागेच होते. नातीकडे बघता बघता ती अक्षता टाकायचंच विसरली. मग सगळे स्टेजकडे वळल्यावर तिने एकटीने टाकल्या.” अगं, चिठ्ठीत हेच जायला हवं! मैत्रीण तेव्हा समोर बघत होती, तिला हे दिसलेलंच नाही. फोटोत मूठ आहे, पुढचं फक्त तुझ्यापाशी आहे.

असं लिही: ‘अकराव्या पानावर आजीची मूठ मिटलेली आहे बघ. तुझ्याकडे बघण्यात ती अक्षता टाकायची राहिली होती. सगळे स्टेजकडे गेल्यावर तिने हळूच टाकल्या, मी मागे उभी होते.’ एवढंच. पुढे ‘किती भावुक क्षण’ वगैरे जोडू नकोस, ते तिचं तिला कळेल.

दुसरा क्षण मुद्दाम सासरकडचा घे, कारण हा अल्बम त्या घरातही उघडला जाणार आहे. सूनमुखाचा फोटो मला फार आवडला. आरशाची चौकट अस्पष्ट आहे, पण आतले दोन्ही चेहरे लख्ख आहेत. आरशातलं प्रतिबिंब चौकटीपेक्षा लांबचं धरून फोकस करावा लागतो, म्हणून असं होतं. पण तू फोकसबद्दल लिहू नकोस, ती शाबासकी फोटोग्राफरची. सासूबाईंनी एका हाताने आरसा धरलाय आणि दुसऱ्या हाताने सुनेची सुटलेली मुंडावळी सावरतायत, ते लिही.

पाठवणीच्या फोटोत मात्र तू घसरली होतीस. ‘बाबांना रडू आवरत नव्हतं’ असं तू लिहिणार होतीस. तू तेव्हा बसमध्ये बसली होतीस, आणि मे महिन्यातल्या ठाण्यात रुमालाने घामही पुसतात. जे दिसत नाही ते त्यांच्या नावावर घालू नकोस. दिसतंय ते त्याहून मोठं आहे: लेक गाडीत बसली तरी तिची पर्स त्यांच्या काखेत राहिली आहे.

तीन क्षण पुरे. चौथा घेतलास की यादी होते, आणि ज्या मावशीचं नाव त्यात नाही ती खट्टू होते. नाती मात्र विचारून घे. तिच्या चुलतमामांना तू परवा मामा म्हणत होतीस, घरच्यांना ते लगेच खटकेल. साडी किती भारी होती हेही नको. आणि कॉलेजातल्या टोपणनावाने हाक मारायचा मोह आवर, तिचे सासरे वाचतील.

पानांचे आकडे घाल, म्हणजे वाचता वाचता ती पान उघडेल. चिठ्ठी अकराव्या पानातच ठेव, पण चिकटवू नकोस, डिंकाने छपाईवर डाग पडतो. रविवारी तलावपाळीला भेटणार आहात ना, तेव्हाच दे. आजीसुद्धा येणार आहे म्हणालीस.

तुझा,
काका