वटपौर्णिमेचा निरोप आणि झोपलेला सत्यवान

प्रश्न : वटपौर्णिमेला बायको माझ्यासाठी दिवसभर उपाशी राहते. मी नोकरीसाठी मुंबईत, ती गावी. दरवर्षी मी कुठूनतरी आलेले एखादे चित्र तिला पाठवतो आणि ती अंगठा दाखवून मोकळी होते. या वर्षी मनापासून काही लिहावेसे वाटते, पण ते नाटकी वाटेल का?

नाटकीपणा भावनेतून येत नाही, उसन्या शब्दांतून येतो. देवगड तालुक्यातील एका जोडप्याची हकिकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतो.

पती वसईला कारखान्यात, पत्नी गावी सासू, मुलगा आणि हापूसची लहानशी बाग सांभाळणारी. त्याने मला दाखवलेल्या पहिल्या मसुद्यात ‘अर्धांगिनी’, ‘त्यागमूर्ती’ आणि ‘सात जन्म’ हे सारे होते. घरी मालवणी बोलणारा हा माणूस लग्नपत्रिकेच्या भाषेत का लिहीत होता, हे त्यालाही सांगता येईना. मी त्याला एकच काम दिले : गेल्या वर्षभरात तिने केलेल्या आणि तुम्ही प्रत्यक्ष पाहिल्या नाहीत अशा तीन गोष्टी, एकही विशेषण न वापरता लिहून आणा. त्याला एकच आठवली, आणि तीही आईने सांगितलेली. एप्रिलमध्ये एके दिवशी गडी आले नाहीत, तेव्हा तिने रात्री उशिरापर्यंत पडवीत बसून एकटीने आंब्याच्या पेट्या भरल्या होत्या आणि त्याच रात्री त्याला फोनवर ‘सगळा बरा आसा’ म्हणून सांगितले होते. मी म्हटले, एक पुरेशी आहे.

दुसऱ्या मसुद्यात ही रात्र आली, पण तिच्या मागोमाग वाक्य होते : ‘तू मला तेव्हाच का सांगितले नाहीस?’ येथे आम्ही बराच वेळ थांबलो. महाभारताच्या वनपर्वात सत्यवान जागा होतो तेव्हा, मी फार वेळ झोपलो, मला उठवले का नाहीस, असे सावित्रीला विचारतो. यमाशी झालेला सारा संवाद, सासऱ्याच्या दृष्टीसाठी आणि राज्यासाठी मागितलेले वर, यातले त्याला काहीच ठाऊक नसते. त्याचा प्रश्न निरागस आहे, पण आपल्या घरात तोच प्रश्न विचारला की कौतुकाच्या मागे तक्रार उभी राहते आणि न सांगण्याचा दोष तिच्यावर जातो. (पुढे सावित्री फळांची टोपली फांदीला टांगून ठेवते, त्याची कुऱ्हाड स्वतः घेते आणि त्याला खांद्याचा आधार देऊन घरी आणते, हा भाग पूजेच्या दिवशी फारसा कोणी सांगत नाही.) त्याने ते वाक्य काढले.

तिला पित्ताचा त्रास असल्याने ‘उपवास करू नकोस’ असेही त्याला लिहायचे होते. व्रत तिचे आहे. काळजी असेल तर चार दिवस आधी फोनवर विचारा, त्या दिवशी आज्ञा नको, असे मी सुचवले. वचन द्यायचे असेल तर जे आधीच सुरू केले आहे तेवढेच द्या, हेही सांगितले, म्हणून रजेचा अर्ज दिल्यानंतरच शेवटची ओळ लिहिली गेली. मूळ निरोप निम्मा मालवणीत होता; येथे प्रमाण भाषेत देतो. त्यातली माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली चौकट, जिला फळे-पाने बांधतात.

‘वडाकडे जाताना पाणंदीत शेवाळ असेल, सावकाश जा. गडी आले नाहीत त्या रात्री तू एकटीने पेट्या भरल्यास, हे मला आईकडून कळले. मी तेव्हा इथे झोपलो होतो. त्या रात्रीची मला लाज वाटते आणि तुझा अभिमानही वाटतो. गणपतीला या वेळी आठ दिवस आधी येतो, रजेचा अर्ज सोमवारी दिला. माटवी मी बांधीन. उत्तराची घाई नको.’

निरोप सकाळी सातला, ती पूजेला निघण्याआधी आणि फक्त तिला गेला. कुटुंबाच्या गटावर टाकला असता तर तो नातेवाइकांसाठी झाला असता. आठवड्यापूर्वीच मोठे भांडण झाले असेल, तर मात्र असा निरोप थांबवावा, कारण तेव्हा तो विषय टाळण्याची युक्ती वाटतो, आणि घरात मारहाण किंवा धाक असेल तेथे हा उपाय नव्हेच.

उत्तर दुपारी आले : ‘सुतळी हाडू नको, घरात आसा.’ म्हणजे सुतळी आणू नको, घरात आहे. त्याने काहीसे हिरमुसून मला विचारले, ‘सर, हे उत्तर म्हणायचे का?’ मी त्याला माटवीची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग तो हसला आणि सुतळी किती लागते ते विचारायला त्याने तिला फोन लावला.