सरासरी भरली तर डेटा वाचतो का?

प्रश्न: प्रोजेक्टसाठी २०० विद्यार्थ्यांचा सर्व्हे केला. 'आठवड्याला अभ्यासाचे तास' या कॉलममध्ये ५० जागा रिकाम्या आहेत. त्या रो काढून टाकू की सरासरी भरू? मित्र म्हणतो सरासरी भर, म्हणजे डेटा वाया जात नाही.

उत्तर:

तुमच्या मित्राचं ऐकून मीही एकदा फसलो आहे, म्हणजे तशाच एका मित्राचं. माझ्या प्रोजेक्टमध्ये सगळ्या रिकाम्या जागांत सरासरी भरून मी खुशीत हिस्टोग्राम काढला. व्हायवात परीक्षकांनी मधल्या एका उंचच उंच पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "इतक्या जणांचं उत्तर दशांशापर्यंत सारखं कसं?" मला काही सांगता आलं नाही.

समजायला सोपं जावं म्हणून आकडे मी कल्पनेतले घेतो. समजा २०० पैकी १०० जण पहिल्या वर्षाचे आहेत आणि १०० शेवटच्या. पहिल्या वर्षाचे सरासरी १० तास अभ्यास करतात, शेवटच्या वर्षाचे २०. म्हणजे खरी सरासरी १५. आता शेवटच्या वर्षाच्या मुलांनी घाईघाईत फॉर्म भरला आणि त्यांच्यातल्या ४० जणांनी हा प्रश्न सोडला. पहिल्या वर्षाच्या फक्त १० जणांनी सोडला. हाती उरली ९० आणि ६० उत्तरं. त्यांची सरासरी येते (९० × १० + ६० × २०) ÷ १५० = १४.

रो काढल्या तर उत्तर १४. काढण्याऐवजी त्या ५० जागांत १४ भरले, तरी उत्तर १४च. ज्या कारणामुळे सरासरी एका तासाने चुकली, त्या कारणाला सरासरी भरण्याने हातही लागत नाही. "डेटा वाया जात नाही" म्हणताना आपण इथेच फसतो, कारण त्या ५० जागांत नवी माहिती काहीच आलेली नसते.

बदलतं ते दुसरंच. समजा मिळालेल्या १५० उत्तरांचं प्रमाण विचलन ८ तास आहे. भरलेले ५० आकडे बरोबर सरासरीवर बसलेले असल्याने पसाऱ्यात त्यांची भर शून्य, पण मोजताना भागाकारात ते येतातच. म्हणून विचलन ८ वरून सुमारे ६.९ वर येतं. वर n १५० ऐवजी २०० धरला जातो. दोन्ही चुका एकाच बाजूला ढकलतात आणि स्टँडर्ड एरर ०.६५ वरून ०.४९ होते, म्हणजे साधारण पाऊणपट. रो काढल्यावर ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल १२.७ ते १५.३ येतो, त्यात खरे १५ बसतात. सरासरी भरल्यावर तो १३.०४ ते १४.९६ होतो आणि १५ बाहेर पडतात. चूक तेवढीच राहिली, खात्री मात्र वाढली.

सहसंबंधाचंही तसंच. तास आणि गुण यांच्यातला सहसंबंध पूर्ण रोंमध्ये ०.६० असेल, तर सरासरी भरल्यावर तो साधारण ०.५२ दिसेल, कारण पाव भाग बिंदू एका उभ्या रेषेवर येऊन बसलेत आणि गुण कमी असोत की जास्त, तास तेच.

रिग्रेशनमध्ये मात्र एक गंमत आहे. गुणांचा अंदाज फक्त तासांवरून बांधत असाल, तर तासांची सरासरी भरल्याने उतार अजिबात बदलत नाही. रो काढून जो येतो तोच येतो. भरलेले बिंदू x च्या सरासरीवर असल्याने उताराच्या सूत्रात अंशात आणि छेदातही त्यांचा वाटा शून्य असतो. हे पाहून काही जण म्हणतात की मग सरासरी भरायला हरकत काय! हरकत दुसरा कॉलम आला की कळते. मॉडेलमध्ये 'वर्ष' घाला. शेवटच्या वर्षाचे ते ४० जण प्रत्यक्षात सरासरी २० तास अभ्यास करणारे, पण तुमच्या फाइलमध्ये १४ तासांवर बसलेत. त्यांचे जास्तीचे गुण कशामुळे? तास तर कमी लिहिलेत, मग मॉडेल ते श्रेय 'वर्ष' या कॉलमला देतं. अभ्यासाचा परिणाम वर्षाच्या नावावर जमा होतो. इथे रो काढणं उलट सुरक्षित ठरतं: जागा रिकामी राहणं फक्त वर्षावर अवलंबून असेल आणि वर्ष मॉडेलमध्येच असेल, तर गुणांकांत पक्षपात येत नाही, फक्त स्टँडर्ड एरर थोडी वाढते.

म्हणून आधी कुठल्या जागा रिकाम्या आहेत ते पाहा:

```python
df["hours_missing"] = df["hours"].isna()
df.groupby("year")["hours_missing"].mean()
df.groupby("hours_missing")["marks"].agg(["mean", "count"])
```

पहिल्या वर्षात ०.१० आणि शेवटच्या वर्षात ०.४० असं काही दिसलं, तर जागा योगायोगाने रिकाम्या राहिलेल्या नाहीत. हे चालवण्याआधी `df["hours"].describe()` बघा. न दिलेलं उत्तर कुणी ० किंवा ९९९ म्हणून टाइप केलं असेल, तर `isna()` ला ते सापडणार नाही. आणि एक गोष्ट तपासून कळत नाही: जे कमी अभ्यास करतात त्यांनीच लाजून प्रश्न सोडला असेल, तर ते तुमच्या फाइलमध्ये कुठेच दिसणार नाही. त्या वेळी सरासरीसाठी काढणं, भरणं, दोन्ही चुकतात.

तुमच्या जागी मी असतो तर एकूण सरासरीसाठी रो काढून दोन्ही वर्षांची सरासरी वेगवेगळी काढली असती आणि मूळ संख्येप्रमाणे जोडली असती. वरच्या उदाहरणात (१० + २०) ÷ २ = १५, काहीही न भरता. (प्रत्येक गटाची सरासरी त्या गटाच्या रिकाम्या जागांत भरली तरी १५ येतात, पण विचलन पुन्हा आकसतं.) रिग्रेशनसाठी पूर्ण रो वापरल्या असत्या आणि वर्ष मॉडेलमध्ये ठेवलं असतं.

रो काढणं कुठे अंगाशी येतं तेही सांगतो. रिकाम्या जागा एकाच कॉलममध्ये असतील तर नुकसान तेवढ्यावर थांबतं. पण १० कॉलममध्ये प्रत्येकी ५ टक्के जागा स्वतंत्रपणे रिकाम्या असतील, तर पूर्ण भरलेल्या रो साधारण ६० टक्केच उरतात. २०० पैकी ८० जण गेले, आणि त्यातल्या बहुतेकांची १० पैकी एक-दोनच उत्तरं सुटलेली असतात. अशा वेळी मल्टिपल इम्प्युटेशन करा. त्यात इतर कॉलमवरून अंदाज बांधून त्यात मुद्दाम थोडा यादृच्छिक फरक मिसळतात, अशा वीसेक प्रती बनवतात, प्रत्येकीवर तेच विश्लेषण करतात आणि प्रतींमधला फरकही स्टँडर्ड एररमध्ये धरतात. सरासरी भरताना जी अनिश्चितता पुसली जाते, ती इथे हिशेबात राहते.

रिपोर्टमध्ये n १५० लिहायला कचरू नका. किती जागा कुठल्या गटात रिकाम्या होत्या, त्याचा छोटा तक्ता शेजारी द्या.