आठवडी सुट्टी बदलून घ्यायची तर

नुसतं 'घरी लग्न आहे, सुट्टी हवी' असं लिहू नकोस. साहेबांना काळजी असते ती रविवारी तुझ्या मशीनवर कोण, याची. म्हणून ज्याची सुट्टी रविवारी असते आणि ज्याला तुझं मशीन चालवता येतं, अशा जोडीदाराशी आधी बोल. मग लिही:

'साहेब, रविवारी, १५ तारखेला चुलतबहिणीचं लग्न आहे. माझी गुरुवारची, १२ तारखेची सुट्टी त्या दिवशी द्यावी. गुरुवारी गणेशच्या जागी मी येईन, रविवारी पहिल्या पाळीला माझ्या जागी तो.'

खाली गणेशची सही घेच. तोंडी होकार ऐनवेळी फिरतो. चिठ्ठी पाळ्यांचा तक्ता लागण्याआधी दे. हजेरीपटावर बदल चढला का, तेही बघ, नाहीतर रविवारचा खाडा लागेल.